बैठकीची उभी चित्रफीत: काळ्या पट्ट्यांच्या जागी काठाच्या रंगातून वाढवलेली धूसर पार्श्वभूमी

एका संगीत मंडळाने आपल्या शास्त्रीय गायनाच्या बैठकीचे आडवे चित्रीकरण करून ठेवले होते आणि त्यातील द्रुत बंदिशीचा दोन मिनिटे चाळीस सेकंदांचा भाग मोबाईलवर उभ्या चौकटीत प्रसिद्ध करायचा होता. यूट्यूबने ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्ट्सची मर्यादा तीन मिनिटांपर्यंत वाढवली असल्यामुळे बंदिश मध्येच तोडावी लागणार नव्हती. प्रश्न फक्त चौकटीचा होता. मूळ चित्र १९२० × १०८० पिक्सेलचे, सेकंदाला २५ फ्रेमचे. मध्यभागी फिकट मोतिया रंगाच्या रेशमी साडीतील गायिका, प्रेक्षकांच्या डाव्या हाताला तबलावादक, उजव्या हाताला हार्मोनियम, मागे दोन तानपुरे आणि त्यांच्या मागे गडद मरून रंगाचा पडदा. डावीकडून पिवळसर दिव्याचा आणि उजवीकडून निळसर एलईडीचा प्रकाश पडत होता.

अशा चित्राला सरळ उभे कापण्याचा मार्ग येथे पहिल्याच नजरेत बाद होतो. १०८० उंचीच्या चित्रातून ९:१६ प्रमाणाचा तुकडा काढला तर त्याची रुंदी जेमतेम ६०८ पिक्सेल भरते, म्हणजे मूळ रुंदीच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी. त्यात गायिका राहते, पण तबला आणि हार्मोनियम दोन्ही बाहेर जातात. द्रुत बंदिशीत गायिका समेवर येताना तबलजीकडे पाहते, हार्मोनियमवादक तिची तान ऐकून मान डोलावतो. हा व्यवहार दिसत नसेल तर बैठक दाखवण्यात फारसा अर्थ नाही. तुकडा डावीउजवीकडे सरकवत राहण्याचा पर्यायही मला पटत नाही, कारण स्थिर कॅमेऱ्याने शांतपणे टिपलेल्या बैठकीला त्यामुळे नसलेली धावपळ चिकटते. म्हणून संपूर्ण चौकट मध्यभागी ठेवून वरखाली उरणारी जागा भरायची, हे ठरले.

ती जागा किती असते, हे आधी मोजून पाहणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. १९२० रुंदीचे चित्र १०८० रुंदीत बसवले की त्याची उंची ६०८ उरते. उभी चौकट १९२० उंचीची असल्याने वर ६५६ आणि खाली ६५६ पिक्सेल रिकामे राहतात. म्हणजे खरे चित्र उभ्या चौकटीचा एक तृतीयांशाहून थोडा कमी भाग व्यापते आणि भरलेली जागा त्याच्या दुपटीहून अधिक असते. पार्श्वभूमी म्हणून आपण जे दुय्यम समजतो ते क्षेत्रफळाने मुख्य असते. तिची उजळी, तिचे रंग आणि तिच्यातील हालचाल यांचा ठसा समोरच्या चित्रापेक्षा आधी उमटतो.

मंडळाच्या एका कार्यकर्त्याने मोबाईलवरील संपादन ॲपमधून पहिली प्रत तयार केली होती. त्या ॲपने जे केले ते बहुतेक सर्वत्र केले जाते: तेच चित्र उभी चौकट पूर्ण भरेपर्यंत मोठे करायचे, बाजू कापायच्या, ते धूसर करायचे आणि त्यावर मूळ चित्र लहान करून ठेवायचे. काळ्या पट्ट्या गेल्या, पण प्रत पाहताना नजर गायिकेवर ठरत नव्हती. चित्राच्या लगेच खाली एक मोठा मोतिया डाग सतत हलत होता, वरच्या पट्टीत चित्राच्या काठाला लागून एक काळपट गोळा होता आणि चित्राच्या डाव्याउजव्या कडांवर दिसणारा पिवळा व निळा प्रकाश पट्ट्यांमध्ये कुठेच नव्हता.

याचे कारण भूमितीत आहे. चौकट भरण्यासाठी चित्र १.७८ पट मोठे केले जाते, तर समोरचे चित्र ०.५६ पट लहान केलेले असते. म्हणजे पार्श्वभूमीतील प्रत्येक वस्तू समोरच्या त्याच वस्तूपेक्षा तिपटीहून मोठी दिसते. शिवाय या मोठ्या केलेल्या चित्राचा मधला भाग समोरच्या चित्राखाली झाकला जातो आणि फक्त वरचा सुमारे ३४ टक्के व खालचा सुमारे ३४ टक्के भाग उघडा राहतो. वरच्या पट्टीची खालची कड मूळ चित्राच्या साधारण ३७० व्या ओळीवर येते. या चित्रीकरणात तिथे गायिकेचे केस होते, म्हणून काळपट गोळा. खालच्या पट्टीची वरची कड ७११ व्या ओळीच्या आसपास येते. तिथे मांडीवर पसरलेली साडी होती, म्हणून मोतिया डाग. आणि बाजू कापल्यामुळे दिव्यांचे दोन्ही रंग मुळातच उरले नव्हते.

येथे रंग जुळत नाहीत असे म्हणताना नेमके काय जुळत नाही, हे स्पष्ट करायला हवे. दोन्ही चित्रांचे रंग एकाच स्रोतातून आलेले असल्याने सरासरीने ते जुळतातच. पण डोळा सरासरी पाहत नाही, तो सांधा पाहतो. समोरच्या चित्राची वरची कड म्हणजे मूळ चित्राची सर्वांत वरची ओळ, आणि तिला लागून येते ती मूळ चित्राची ३७० वी ओळ. या दोन ओळींचा एकमेकींशी काहीही संबंध नसतो, म्हणून तिथे कापल्यासारखी रेघ दिसते. रंग जुळवायचा तो या सांध्यावर, आणि त्याच्या संपूर्ण लांबीवर: डावीकडे पिवळसर पडद्याला पिवळसर, मध्ये मरूनला मरून, उजवीकडे निळसर छटेला निळसर. ही अट मान्य केली की पार्श्वभूमी कशातून बनवायची याचे उत्तर आपोआप मिळते. वरची पट्टी चित्राच्या वरच्या काठातून बनवायची, खालची पट्टी खालच्या काठातून, आणि दोन्ही उलट्या करून लावायच्या. तसे केल्यावर सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकच ओळ समोरासमोर येते आणि तिथून दूर जाताना रंग हळूहळू बदलतो.

काम सुरू करण्यापूर्वी मी चौकटच थोडी बदलली. चित्रात डाव्या टोकाला ११० आणि उजव्या टोकाला १९० पिक्सेल रुंदीत फक्त पडदा आणि माइकचा एक रिकामा स्टँड होता. ते कापले की १६२० × १०८० उरते, म्हणजे नेमके ३:२ प्रमाण, आणि १०८० रुंदीत बसवल्यावर त्याची उंची ७२० येते. समोरचे चित्र ६०८ वरून ७२० वर गेल्याने माणसे सुमारे साडेअठरा टक्क्यांनी मोठी दिसू लागली, आणि गमावले काहीच नाही. मोबाईलवर हा फरक पार्श्वभूमीच्या कोणत्याही सुधारणेइतकाच महत्त्वाचा आहे, म्हणून बाजूंना किती पडदा किंवा भिंत वाया जाते आहे हे आधी पाहावे. मात्र कापण्याआधी संपूर्ण तुकडा एकदा पाहून घ्यावा लागतो. तानेच्या भरात हार्मोनियमवादक बाजूला झुकला तर त्याचा खांदा चौकटीबाहेर जात नाही ना, हे एका स्थिर फ्रेमवरून कळत नाही.

आता वर ६०० आणि खाली ६०० पिक्सेल भरायचे होते. काठाचा किती भाग घ्यायचा, हा पुढचा निर्णय. फार घेतला तर वरच्या पट्टीत गायिकेचे डोके उलटे होऊन येते, आणि धूसर केले तरी मानवी चेहऱ्याचा आकार डोळा ओळखतोच. फार थोडा घेतला तर तो ६०० पिक्सेलपर्यंत ताणल्यावर उभ्या रेघांसारखा दिसतो आणि पट्टी निर्जीव वाटते. या चित्रात गायिकेचे डोके ३३० व्या ओळीपासून सुरू होत होते, म्हणून वरच्या २४० ओळी घेतल्या. खालच्या काठातूनही तितक्याच, ज्यात सतरंजी, साडीचा काठ आणि डग्ग्याचा खालचा भाग येत होता. रुंदी मात्र पूर्ण १६२० ठेवली, कारण डावीउजवीकडचे प्रकाश जागच्या जागी राहण्यासाठी तीच आवश्यक आहे. पट्टीत चित्र आडव्यापेक्षा उभे जास्त ताणले जाते, पण धूसर झाल्यावर ही विकृती ओळखू येत नाही.

धूसर करण्याचे काम पूर्ण आकारात करू नये. चौकटीच्या एक चतुर्थांश मापात, म्हणजे २७० × ४८० मध्ये, ते केले तर पिक्सेल सोळापटीने कमी होतात. लहान चित्रातील १२ ची धूसरता मोठे केल्यावर ४८ इतकी होते आणि मोठे करण्याच्या क्रियेतच तिला आणखी मऊपणा येतो. दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. वरची पट्टी, मधले चित्र आणि खालची पट्टी ही तिन्ही आधी एकावर एक रचावीत आणि मग संपूर्ण रचना एकदम धूसर करावी. पट्ट्या वेगवेगळ्या धूसर केल्या तर प्रत्येकीच्या कडेला धूसरता अडते. एकत्र केल्या तर सांध्यावरचा रंग दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांतून तयार होतो. नंतर या धूसर रचनेवर मूळ चित्र स्पष्ट स्वरूपात ठेवले की मधला धूसर भाग झाकला जातो.

हे सर्व एफएफएमपेग या आज्ञा लिहून चालवायच्या चित्रफीत-साधनाच्या एका आज्ञेत मावते:

```
ffmpeg -i baithak.mp4 -filter_complex "
[0:v]crop=1620:1080:110:0,split=4[s][m][u][d];
[u]crop=1620:240:0:0,vflip,scale=270:150,setsar=1[top];
[m]scale=270:180,setsar=1[mid];
[d]crop=1620:240:0:840,vflip,scale=270:150,setsar=1[bot];
[top][mid][bot]vstack=inputs=3,tmix=frames=25,gblur=sigma=12,
geq=lum='16+(lum(X,Y)-16)*(1-0.35*abs(Y-240)/240)':cb='cb(X,Y)':cr='cr(X,Y)',
scale=1080:1920:flags=bicubic,noise=c0s=5:c0f=t,setsar=1[bg];
[s]scale=1080:720:flags=lanczos,setsar=1[fg];
[bg][fg]overlay=0:600[v]" \
-map "[v]" -map 0:a -c:v libx264 -crf 18 -preset slow \
-pix_fmt yuv420p -c:a copy -movflags +faststart ubhi.mp4
```

यातील पहिल्या चार ओळी वर सांगितलेली कापणी आणि उलटणी करतात. मधल्या मापांमध्ये १५०, १८०, १५० ही बेरीज ४८० होते आणि तिन्ही संख्या सम आहेत. नेहमीच्या चित्रफितीत रंगाची माहिती दर दोन ओळींना एकदाच साठवलेली असते, त्यामुळे विषम उंचीचे तुकडे रचले तर रंग आणि उजळी यांच्यात एका ओळीची फारकत पडू शकते. दुसऱ्या मापाचे चित्र असेल तर ही बेरीज नव्याने करावी लागते.

उरलेल्या तीन गोष्टींना, म्हणजे `geq`, `tmix` आणि `noise` यांना, या प्रकरणात खरे कारण होते.

सांध्यावर रंग पूर्ण जुळल्यावर उलटाच प्रश्न उभा राहिला. मरून पडदा वरच्या पट्टीत इतका सहज मिसळला की चित्र कुठे संपते ते कळेना, आणि बैठक उंच पोकळीच्या तळाशी बसल्यासारखी दिसू लागली. काठ शोधावा लागू नये, पण तो हरवूही नये. यासाठी सरसकट अंधार करणारा फिल्टर वापरला तर सांध्यावर पुन्हा पायरी तयार होते. म्हणून चौकटीच्या मध्यापासून वर आणि खाली जाताना उजळी क्रमाक्रमाने कमी केली. आज्ञेतील सूत्रानुसार सांध्यावर उजळी मूळच्या सुमारे ८७ टक्के राहते आणि अगदी टोकाला ६५ टक्के. १३ टक्क्यांचा हा लहानसा फरकच चित्राचा काठ दाखवायला पुरेसा ठरतो.

त्याच सूत्रात १६ ही संख्या वजा करून पुन्हा मिळवलेली आहे, ती गडद चित्रासाठी. नेहमीच्या चित्रफितीत काळा रंग शून्यावर नसतो, १६ वर असतो. या पडद्याची उजळी सुमारे ५० होती. ती सरळ ०.६५ ने गुणली तर ३२ येते. १६ हा पाया धरून गुणली तर ३८. गडद भागात सहा अंकांचा हा फरक मरून आणि काळा यांमधला फरक आहे. मंचावरील चित्रीकरणात पडदा बहुधा काळा, निळा किंवा मरून असतो, आणि पार्श्वभूमी जरा जास्त अंधारी केली की ज्या काळ्या पट्ट्या टाळण्यासाठी हा खटाटोप केला त्याच परत येतात. म्हणून ०.३५ हा आकडा मी संगणकाच्या पडद्यावर ठरवला नाही. मोबाईलची उजळी निम्म्यावर ठेवून, दिवा लावलेल्या खोलीत पाहिले, ०.५ ला वरचे टोक काळे वाटत होते, ०.३५ ला मरून दिसत होते.

दुसरा प्रश्न हालचालीचा. आलापीत किंवा तानेत गायिकेचा हात वर जातो आणि मोतिया साडीचा पदर वरच्या २४० ओळींत शिरतो. त्या क्षणी वरच्या पट्टीत मोठा उजळ ढग चमकून जातो. खालच्या पट्टीत डग्ग्यावरची बोटे द्रुत लयीत सतत थरथर निर्माण करतात. समोरच्या चित्रात हीच हालचाल पाहायची असते, पण पार्श्वभूमीत ती लक्ष खेचते. `tmix` हा फिल्टर लागोपाठच्या फ्रेमची सरासरी काढतो. २५ फ्रेम म्हणजे येथे एक सेकंद. एक सेकंदाच्या सरासरीत हाताचा ढग फिकट, सावकाश येणारा आणि सावकाश जाणारा बदल होतो, आणि बोटांची थरथर नाहीशी होते. पार्श्वभूमी पूर्ण गोठवून एकच स्थिर चित्र लावण्याचाही विचार झाला होता, पण बंदिशीच्या मध्यावर कोणीतरी मंचावरचा एक दिवा वाढवला होता आणि स्थिर पार्श्वभूमीने तो बदल धरला नसता. सरासरी त्याच्या मागोमाग सेकंदाभरात पोहोचते.

मात्र याच सरासरीने एका ठिकाणी घात केला असता. एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांवर चित्रीकरण दुसऱ्या कॅमेऱ्यावर जाते आणि गायिकेचे जवळचे दृश्य येते. सरासरी मागच्या फ्रेमवर चालत असल्याने कॅमेरा बदलल्यानंतरही सेकंदभर पट्ट्यांत जुन्या दृश्याचे रंग रेंगाळतात. चित्र लगेच बदलते आणि पार्श्वभूमी विरघळत मागून येते, हे फार खटकते. फ्रेमची संख्या कमी केली तर थरथर परत येते. योग्य उपाय म्हणजे कॅमेरा बदलतो त्या नेमक्या फ्रेमवर चित्रफितीचे दोन भाग करायचे, प्रत्येक भागावर आज्ञा स्वतंत्र चालवायची आणि मग ते जोडायचे. जोडताना आवाज भागांसोबत कापू नये. दोन्ही भागांतून फक्त चित्र घ्यावे, ते जोडून झाल्यावर मूळ आवाज एकसलग वरून लावावा. कापलेला आवाज जोडताना सांध्यावर बारीक खट्‌ असा आवाज येण्याची किंवा काही सहस्रांश सेकंदांची पोकळी पडण्याची शक्यता असते, आणि तानपुऱ्याच्या अखंड नादावर ती लगेच ऐकू येते.

जवळच्या दृश्यात काठाचे मापही बदलावे लागले. तिथे डोक्याच्या वर जेमतेम १२० ओळींची जागा होती, त्यामुळे वरून २४० ऐवजी १०० ओळीच घेतल्या. पडदा एकरंगी असल्याने इतक्या कमी ओळी ताणूनही रेघा दिसल्या नाहीत. या दृश्यात एकटी गायिकाच असल्याने ते उभी चौकट पूर्ण भरेल असे कापता आले असते, आणि तसा आग्रह मंडळातून झालाही. मी तो मान्य केला नाही. त्यासाठी चित्र १.७८ पट मोठे करावे लागते, चेहऱ्याचा स्पष्टपणा कमी होतो, आणि ७२० उंचीच्या खिडकीतून एकदम १९२० उंचीवर उडी मारल्याने पाहणारा गाण्यातून बाहेर येतो. बंदिश चालू असताना खिडकीचा आकार स्थिर राहावा, असे माझे मत आहे.

तिसरा प्रश्न पायऱ्यांचा. धूसर पट्टीत रंग अतिशय हळू बदलतात आणि आठ बिटच्या चित्रात त्यांच्यासाठी मोजक्याच पायऱ्या उपलब्ध असतात. या पट्टीत ४५ पासून ३८ पर्यंतची उजळी ६०० पिक्सेलवर पसरलेली आहे, म्हणजे एकेक पायरी ऐंशीएक पिक्सेल रुंद. अशा रुंद पायऱ्यांच्या कडा गडद पडद्यावर नकाशातील समोच्च रेषांसारख्या दिसतात, आणि चित्रफीत चढवल्यावर प्रसारमंच ती पुन्हा दाबून साठवतो तेव्हा त्या अधिक ठळक होतात. `noise` फिल्टरने पार्श्वभूमीच्या उजळीत दर फ्रेमला बदलणारा बारीकसा रवा मिसळला की या कडा मोडतात. ५ इतकी मात्रा मोबाईलवर रवा म्हणून दिसत नाही. रवा पार्श्वभूमी मोठी केल्यानंतर मिसळायचा असतो. आधी मिसळला तर धूसरतेत किंवा मोठे करण्यात तो विरून जातो किंवा ठिपके होऊन उरतो. त्याने फाइलचा आकार थोडा वाढतो, ते मान्य करावे लागते. गडद भागांना अधिक माहिती मिळावी म्हणून आज्ञेत `-x264-params aq-mode=3` हे जोडता येते आणि या चित्रफितीत ते जोडले.

एक तपासणी मात्र कुठल्याही चित्रावर आधी करून घ्यावी. जुन्या कॅमेऱ्यांच्या किंवा आधी एकदा रूपांतरित झालेल्या चित्रफितींच्या काठाला दोनचार काळ्या ओळी असतात आणि एरवी त्या कोणाच्या लक्षात येत नाहीत. काठ उलटा करून ताणण्याच्या या पद्धतीत त्याच ओळी सांध्यावर येतात आणि तिपटीचौपटीने रुंद होऊन चित्राभोवती काळसर सावलीसारख्या पसरतात. सांध्यालगत कारण नसताना अंधार दिसला तर संशय प्रथम इथे घ्यावा. पुढील आज्ञा खरी चौकट किती आहे ते सांगते:

```
ffmpeg -ss 30 -i baithak.mp4 -t 20 -vf cropdetect=24:2:0 -f null -
```

पडदा स्वतःच काळा असेल तर ही आज्ञा पडद्यालाही पट्टी समजू शकते, म्हणून तिने दिलेला आकडा एखादी फ्रेम मोठी करून डोळ्यांनी पडताळावा. या चित्रीकरणात काठ स्वच्छ निघाले.

ज्यांना आज्ञा लिहायच्या नसतात त्यांना हीच रचना केडेनलाइव्ह किंवा डाविंची रिझॉल्व्ह या संपादन प्रणालींमध्ये १०८० × १९२० च्या प्रकल्पात करता येते. तीच चित्रफीत तीन थरांत घ्यायची, वरच्या आणि खालच्या पट्टीच्या थरांना काठापर्यंत कापून उलटे करायचे व ताणायचे, त्यांना धूसरता द्यायची आणि सर्वांवर मूळ चित्र ठेवायचे. तिथे पट्ट्या स्वतंत्रपणे धूसर होत असल्याने सांधा थोडा कडक राहतो आणि काही वेळा धूसर थराच्या कडेला पारदर्शक किनार येते. पट्टी सांध्याच्या आत पन्नासएक पिक्सेल सरकवून ठेवली की ती किनार चित्राखाली झाकली जाते.

वरच्या पट्टीत रागाचे आणि तालाचे नाव हवे, असे मंडळाने सुचवले आणि ते योग्यच होते. खालची पट्टी मात्र मोकळी ठेवली, कारण तिथे ॲपचे स्वतःचे मथळे आणि बटणे येतात. ‘वृंदावनी सारंग, द्रुत तीनताल’ हे शब्द देवनागरीत लिहिताना एक अडचण येते. एफएफएमपेगच्या जुन्या आवृत्त्यांतील `drawtext` जोडाक्षरे रचत नाही. ‘द्रु’चे ‘द्’ आणि ‘रु’ वेगळे पडतात. ६.१ आवृत्तीपासून अक्षररचनेची सोय त्यात आली आहे, पण आपल्याकडील प्रत ती वापरते की नाही हे एक फ्रेम काढून पाहिल्याशिवाय मानू नये. या कामात शब्दांचे पारदर्शक पीएनजी चित्र वेगळे तयार करून ते सांध्यापासून थोडे वर ठेवले. धूसर आणि गडद पट्टीवर फिकट मोतिया अक्षरे नीट वाचता येतात. तो रंग गायिकेच्या साडीतूनच उचलला.

अंतिम तपासणीसाठी तयार फितीतून दोन दृश्यांच्या आणि दिवा वाढवल्याच्या क्षणाच्या फ्रेम काढल्या आणि चित्रसंपादकात सांध्याच्या वर दहा पिक्सेल व खाली दहा पिक्सेल अशा ठिकाणचे रंग डाव्या टोकाला, मध्यावर आणि उजव्या टोकाला तपासले. रंग उचलण्याच्या साधनाने एकच पिक्सेल न घेता आसपासची सरासरी घ्यावी, कारण एकट्या पिक्सेलवर रव्याचा परिणाम असतो. तिन्ही ठिकाणी छटा तीच आणि उजळी किंचित कमी, असे दिसले की जुळणी बरोबर आहे. छटाच वेगळी दिसली तर काठ चुकीच्या ओळींतून घेतला गेला आहे किंवा रुंदी कुठेतरी कापली गेली आहे.

ही पद्धत प्रत्येक चित्राला लागू पडत नाही. काठ शांत असेल, म्हणजे पडदा, भिंत, आकाश, जमीन, सतरंजी असे काही असेल, तेव्हाच ती चालते. नर्तकांची डोकी वरच्या काठापर्यंत पोहोचत असतील, चित्राच्या खाली उपशीर्षके छापलेली असतील किंवा कोपऱ्यात वाहिनीचे चिन्ह असेल, तर ते सर्व उलटे होऊन पट्टीत शिरते. उपशीर्षके असलेल्या चित्रात खालच्या पट्टीसाठीही वरचाच काठ वापरून काम भागवता येते, पण मग खालच्या सांध्यावरची जुळणी सोडून द्यावी लागते. दर दोनतीन सेकंदांना दृश्य बदलणाऱ्या चित्रफितीत प्रत्येक तुकडा वेगळा करणे व्यवहार्य नसते; तिथे सरासरी काढूच नये, धूसरता वाढवावी आणि उजळी अधिक उतरवावी, म्हणजे बदल जाणवले तरी डोळ्यांवर आदळत नाहीत.

मंडळाने फीत आधी खासगी ठेवून चढवली. प्रसारमंचाने पुन्हा दाबून साठवलेली प्रत दोन वेगवेगळ्या मोबाईलवर पाहिली, तेव्हा स्वस्त मोबाईलवर वरच्या टोकाला पायऱ्यांची एक अस्पष्ट कड शिल्लक होती. रव्याची मात्रा ५ वरून ७ केल्यावर ती गेली आणि त्या मात्रेची प्रत प्रसिद्ध झाली.